पसायदान वाचताना: ओळखीचे शब्द आणि त्यांचे जुने अर्थ

पेडण्यापासून काणकोणापर्यंत गोव्यात मराठी कार्यक्रम संपताना बहुधा पसायदान होते. कीर्तनानंतर, शाळेत, वाचनालयाच्या वर्धापनदिनाला. नऊ ओव्या, आणि त्या अनेकांना तोंडपाठ. त्यांतले अवघड शब्द लोक आवर्जून विचारतात. ‘मांदियाळी’ म्हणजे काय? समुदाय. ‘अर्णव’ म्हणजे? समुद्र. ‘व्यंकटी’? वाकडेपणा. पण ‘चला कल्पतरूंचे आरव’ यातला ‘चला’ म्हणजे काय, असे कोणी विचारत नाही, कारण तो शब्द तर आपण दिवसातून दहा वेळा वापरतो.

जुनी मराठी वाचताना खरा धोका इथे असतो. जो शब्द अजिबात कळत नाही, तो आपल्याला कोशाकडे पाठवतो. जो कळल्यासारखा वाटतो, तो आपल्याला थांबूच देत नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे इ.स. १२९०ची. सातशेहून अधिक वर्षांत मराठीने बरेचसे शब्द टाकले, पण त्याहून अधिक शब्द तसेच ठेवून त्यांच्या आतला अर्थ बदलला. म्हणून पसायदानातले फक्त ओळखीचे शब्द हातात घेऊ आणि त्यांचा जुना अर्थ कसा ओळखायचा ते पाहू.

सुरुवात पहिल्याच ओवीपासून करावी लागते.

आतां विश्वात्मकें देवें ।
येणें वाग्यज्ञें तोषावें ।
तोषोनि मज द्यावें ।
पसायदान हें ॥

यातले ‘येणें’ पाहा. आजच्या कानाला हे ‘येणे-जाणे’ यातले येणे वाटते. पण इथे ते क्रियापद नाही, ‘हा’ या सर्वनामाची तृतीया आहे: येणें म्हणजे याने, ह्यामुळे. ‘येणें वाग्यज्ञें’ म्हणजे ‘या वाणीच्या यज्ञाने’. हे कशावरून? शेजारच्या शब्दांच्या शेवटांवरून. विश्वात्मकें, देवें, वाग्यज्ञें: ओळीने सगळे ‘एं’ने संपतात आणि सगळे ‘ने’ हा अर्थ देतात. विश्वात्मक देवाने, या वाग्यज्ञाने, संतुष्ट व्हावे. पुरावा हवा असेल तर तो याच पसायदानाच्या शेवटच्या ओवीत आहे: ‘येणें वरें ज्ञानदेवो सुखिया झाला’. या वराने ज्ञानदेव सुखी झाला. तिथे ‘येणे’ हे क्रियापद मानले तर वाक्यच उभे राहत नाही.

शब्दाच्या डोक्यावरचा शेवटचा अनुस्वार जुन्या मराठीत शोभेचा नसतो, तो बहुधा विभक्ती किंवा लिंग सांगतो. १९६२च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले आणि आजच्या मराठीपुरते ते ठीकच झाले. पण त्याच नियमांत असेही म्हटले आहे की केशवसुतांच्या आधीच्या पद्यातले आणि चिपळूणकरांच्या आधीच्या गद्यातले उतारे मुळाप्रमाणेच छापावेत. कार्यक्रमपत्रिका, फलक, मोबाईलवर फिरणारी चित्रे यांत हा भाग कोणी पाळत नाही. पसायदान बिनअनुस्वाराचे छापले जाते आणि वाचणाऱ्याच्या हातातली वाट दाखवणारी खूणच नाहीशी होते. म्हणून माझा आग्रह असा, की अर्थ लावायला बसण्याआधी अनुस्वार शाबूत असलेली प्रत घ्यावी.

गोव्यातल्या वाचकाला इथे एक मोठा फायदा आहे. घरी कोंकणी बोलणाऱ्याच्या कानात हे शेवट अजून जिवंत आहेत. ‘ताणें सांगलें’, ‘हाणें केलें’ असे आपण रोज म्हणतो. ‘हाणें’ आणि ‘येणें’ यांतले नाते पुण्यातल्या विद्यार्थ्याला व्याकरणाच्या पुस्तकातून शिकावे लागते, इथल्या मुलाला ते फक्त दाखवून द्यावे लागते. ‘बरें’, ‘म्हजें’ यांतले नाकातले उच्चारही तेच. मात्र कोंकणी दर वेळी बरोबर उत्तर देईल असे नाही. त्याचे उदाहरण पुढे येईल.

पुढची ओवी ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ अशी सुरू होते. आज मराठीत दूध सांडते, पाणी सांडते. ज्ञानेश्वरीत ‘सांडणे’ म्हणजे टाकून देणे, सोडणे, गळून पडणे. कोंकणीत ‘म्हजी चावी सांडली’ म्हणताना आपण त्या अर्थाच्या बरेच जवळ असतो. पण इथे शब्दापेक्षा रचनेकडे जास्त लक्ष द्यायला हवे. या चरणात ‘सांडो’चा कर्ता कोण? खळ नव्हेत. ‘खळांची’ ही षष्ठी आहे, कर्ता ‘व्यंकटी’ आहे. दुष्टांचा वाकडेपणा गळून पडो. पुष्कळदा भाषणांत याचा अर्थ ‘दुष्टांचा नाश होवो’ असा सांगितला जातो. ओवीत तसे कुठेच नाही, आणि पुढचा चरण ते अशक्यच करून टाकतो: ‘तयां सत्कर्मीं रती वाढो’. ‘तयां’ म्हणजे त्यांना. कोणाला? आत्ताच ज्यांचा उल्लेख झाला त्या खळांना. ज्यांचा नाश मागितला त्यांनाच लगेच सत्कर्माची गोडी कशी लागणार? सर्वनाम कोणाकडे बोट दाखवते हे तपासले की अर्थाची गाडी आपोआप रुळावर येते. त्यानंतरच्या ‘भूतां परस्परें’ मध्ये तोच ‘आं’ आहे: भूतां म्हणजे भूतांना, सर्व प्राणिमात्रांना. भुताखेतांचा इथे काही संबंध नाही.

आता ‘चला’कडे येऊ. पूर्ण ओवी आणि तिच्या पुढची ओवी एकत्र वाचायला हवी, कारण दोन्ही मिळून एकच वाक्य आहे.

चला कल्पतरूंचे आरव ।
चेतना चिंतामणींचें गांव ।
बोलते जे अर्णव ।
पीयूषांचे ॥

चंद्रमे जे अलांछन ।
मार्तंड जे तापहीन ।
ते सर्वांही सदा सज्जन ।
सोयरे होतु ॥

‘चला’ म्हणजे ‘चला, जाऊ या’ असे धरले, तर पहिल्याच शब्दाला एक पूर्ण आज्ञा होते आणि तिचा उरलेल्या सात चरणांशी सांधा लागत नाही. कुठे चला? कोणी? उत्तर मिळत नाही. अशा वेळी जुन्या ओवीत क्रियापद शोधत शेवटपर्यंत जायचे. ते सापडते थेट आठव्या चरणात: ‘होतु’. हेही फसवे रूप आहे. तो ‘होतो’ नव्हे, ‘होवोत’ आहे. ‘चला’च्या आधीच्या ओवीतला ‘भेटतु’ असाच, म्हणजे ‘भेटो’. हे ‘तु’वाले रूप इच्छा सांगते. क्रियापद मिळाले, आता कर्ता: ‘सज्जन’. आणि ‘जे… जे… जे… ते’ अशी साखळी. म्हणजे वाक्याचा सांगाडा असा: जे असे असे आहेत, ते सज्जन सर्वांचे सदा सोयरे होवोत. पहिले सहा चरण म्हणजे फक्त त्या सज्जनांचे वर्णन.

सांगाडा उभा राहिला की पहिल्या तीन चरणांची तोंडे शेजारी शेजारी ठेवायची: चला, चेतना, बोलते. कल्पतरू हे झाड, म्हणजे जागचे न हलणारे. चिंतामणी हा दगड, म्हणजे निर्जीव. समुद्र हा मुका. ज्ञानदेव प्रत्येकाला नेमके तेच देतात जे त्याच्यात नसते. झाड चालते आहे, मणी सचेतन आहे, समुद्र बोलतो आहे. म्हणून ‘चला’ हे विशेषण आहे, संस्कृत ‘चल’ म्हणजे हलणारा, चालणारा. काही छापील प्रतींत ते ‘चलां’ असे अनुस्वारासह येते आणि मग शंकाच उरत नाही: ‘चलां कल्पतरूंचे’, म्हणजे चालत्या कल्पतरूंचे. एक अनुस्वार गेला आणि विशेषणाची आज्ञा झाली. पुढच्या ओवीतही तीच युक्ती आहे, उलट्या बाजूने: चंद्राचा डाग काढून घेतला, सूर्याचा ताप काढून घेतला. सहा चरणांना एकच आकार आहे आणि ‘चला’चा अर्थ त्या आकारात बसलाच पाहिजे. कोश न उघडताही इथवर येता येते, हे मला या उदाहरणात फार महत्त्वाचे वाटते.

‘आरव’साठी मात्र कोश लागतो. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, आणि संस्कृत जाणणारा वाचक इथे हमखास अडखळतो. कल्पतरूंचा आवाज? टीकाकार इथे बाग, उपवन असा अर्थ देतात. संस्कृतात ‘आराम’ या शब्दाचाही एक अर्थ बाग असा आहे, आणि ‘म’चा ‘व’ होणे मराठीला नवे नाही: ग्रामचे गाव झाले, नामचे नाव झाले. शिवाय दुसऱ्या चरणात ‘गांव’ आहे. चिंतामणींचे गाव, तसा कल्पतरूंचा आरव. दोन्हीकडे पुष्कळांचा एकत्र वसलेला समूह. अर्थ जुळतो.

उरला ‘सोयरे’. हाच तो शब्द जिथे गोव्याच्या वाचकाला दोन्हीकडून ओढ लागते. आजच्या मराठीत सोयरे म्हटले की लग्नातून झालेले नातेवाईक आठवतात. कोंकणीत ‘सोयरो’ नातेवाईक असतो तसा घरी आलेला पाहुणाही असतो. ‘सज्जन सर्वांचे पाहुणे होवोत’ हा अर्थ ऐकायला गोड आहे, पण चूक आहे. तुकोबांचे ‘वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें’ आठवा. तिथे झाडे पाहुणी नाहीत आणि व्याही तर नाहीतच. ती आप्त आहेत, जिवाभावाची आहेत. ज्ञानदेवांनी बरोबर ‘सदा’ हा शब्द घातला आहे. पाहुणा सदा नसतो. एका शब्दाचा अर्थ दुसरा शब्द असा नियंत्रित करतो, म्हणून अर्थ लावताना ओवीतला एकही शब्द मोकळा सोडू नये.

सगळ्याच ठिकाणी इतके स्वच्छ उत्तर मिळत नाही. ‘विश्व स्वधर्मसूर्यें पाहो’ हा चरण घ्या. ‘स्वधर्माच्या सूर्याने जग पाहो’, म्हणजे त्या उजेडात जगाला दिसो, असा अर्थ बरेच जण घेतात. पण जुन्या मराठीत ‘पाहणे’ या रूपाचे दुसरे एक क्रियापद होते. त्याचा अर्थ उजाडणे. ‘पहाट’ त्याच कुळातली. त्या अर्थाने चरण वाचला तर: स्वधर्माच्या सूर्याने जगात उजाडो. निवड कशी करायची? एक, ‘बघणे’ हे क्रियापद कर्म मागते, आणि इथे जग काय बघणार ते सांगितलेलेच नाही. उजाडण्याला कर्म लागत नाही. दोन, आधीचा चरण ‘दुरिताचें तिमिर जावो’ असा आहे. अंधार जावो, सूर्याने उजाडो, हे एकाच दृश्याचे दोन भाग आहेत. माझे मत उजाडण्याच्या बाजूने आहे. तरी पहिला अर्थ व्याकरणाने अशक्य नाही आणि ज्ञानदेवांना दोन्ही ध्वनी हवे असणे शक्य आहे. जिथे दोन अर्थ तग धरतात तिथे दोन्ही लिहून ठेवावेत, एकाला जबरदस्तीने घालवू नये.

‘किंबहुना’ थोडक्यात सांगतो. आज आपण तो ‘उलट’, ‘खरे तर’ अशा सुरात वापरतो. ‘किंबहुना सर्वसुखीं’ यातला किंबहुना म्हणजे ‘जास्त काय सांगावे’, अक्षरशः संस्कृत ‘किं बहुना’. आधीचे खोडून काढायला तो आलेला नाही, आधीचे सगळे एका मुठीत घ्यायला आला आहे.

त्याच ओवीतला ‘भजिजो’ मात्र रेंगाळण्यासारखा आहे, कारण त्यात एक अख्खे हरवलेले व्याकरण आहे. जुन्या मराठीत क्रियापदाला ‘इज’ लावून ‘केले जाते’ असा अर्थ साधत. कीजे म्हणजे केले जाते किंवा करावे. आपल्या रोजच्या ‘म्हणजे’च्या पोटातही ‘म्हणिजे’, म्हणजे ‘म्हटले जाते’, दडले आहे. हे रूप ओळखले नाही की मनाच्या श्लोकांतही पाय घसरतो. ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावें । तरी श्रीहरी पाविजेतो स्वभावें’. बहुतेक लोक ‘श्रीहरी पावतो’ असे समजतात, नवसाला पावतो तसे. रामदास म्हणतात ‘पाविजेतो’: श्रीहरी गाठला जातो, मिळवला जातो. पहिल्या अर्थात कृती देवाची आहे, दुसऱ्यात चालणाऱ्याची. आधीच्या चरणात ‘पंथ’ आहे आणि ‘जावें’ आहे. वाटेने चालले की ठिकाण गाठले जाते. रूपकही दुसऱ्या अर्थाचीच साक्ष देते.

चुकीचे वाचन किती दूर जाऊ शकते याचे सर्वांत ठळक उदाहरण पसायदानाबाहेर, सहाव्या अध्यायात आहे. ‘माझ्या मराठीची बोलू कौतुके’ ही ओळ मराठी दिनाच्या फलकांवर आपण वाचतो. ज्ञानेश्वरीतली ओवी अशी आहे: ‘माझा मराठाचि बोलु कौतुकें । परि अमृतातेंही पैजां जिंके’. तिथे ‘बोलु’ हे क्रियापद नाही, नाम आहे: बोल, भाषण. जुन्या मराठीत अकारान्त पुल्लिंगी नाम प्रथमेत बहुधा ‘उ’ने संपते, म्हणून बोलु. ‘मराठा’ हे त्याचे विशेषण, म्हणून तेही पुल्लिंगी. जातीशी त्याचा संबंध नाही. ‘चि’ म्हणजे ‘च’. माझा बोल मराठीच आहे खरा, परंतु तो अमृतालाही पैजेने जिंकेल. ‘परि’ हा शब्द पाहा. ‘परंतु’ यायला आधी काहीतरी कमीपणा कबूल केलेला असावा लागतो. फलकावरच्या ओळीत तो कबुलीचा सूरच नाही, तिथे नुसते कौतुक सुरू होते, आणि मग पुढच्या ‘परि’ला काही कामच उरत नाही. ‘कौतुक’ही आजचे शाबासकीचे कौतुक नव्हे; त्यात नवल, हौस, लीला असे रंग आहेत. एका ‘बोलु’चा ‘बोलू’ केला आणि विनम्र पण ठाम विधानाची घोषणा झाली.

कोशांविषयी. अर्थ लावताना नुसता आजचा शब्दकोश पाहिला तर तो आजचाच अर्थ देणार. तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा १९९९चा जुन्या मराठीचा कोश नेमका या कामासाठी आहे, पण त्यातले अर्थ इंग्रजीत आहेत. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश अर्थाबरोबर जुन्या ग्रंथांतली उदाहरणे देतो, म्हणून मी आधी तो उघडतो. मोल्सवर्थचा १८५७चा कोश एकोणिसाव्या शतकातल्या बोलीचा खजिना आहे, त्यात कोकणातले शब्दही भरपूर आहेत. तेराव्या शतकासाठी मात्र तो एकटा पुरत नाही. कोणत्याही कोशात एका शब्दाखाली पाच-सहा अर्थ असतील तर आपल्याला आवडला तो उचलायचा नसतो. प्रत्येक अर्थ ओवीत घालून पाहायचा, आणि त्याच ग्रंथात तो शब्द आणखी कुठे आला आहे ते शोधायचे, जसे आपण ‘येणें’चे केले. प्रतींतला फरकही ध्यानात ठेवायचा. ‘मैत्र जीवांचें’च्या आधी काही प्रतींत ‘जडो’ आहे, काहींत ‘पडो’. ‘मैत्र पडो’ हे ‘गाठ पडो’ या धर्तीचे आहे. कुठली प्रत वाचतो आहोत हे माहीत नसताना एका अक्षरावर मोठा अर्थ उभारू नये. ज्ञानेश्वरी खुद्द एकनाथांनी १५८४ साली शुद्ध केली, म्हणजे तोवरच जवळजवळ तीन शतकांचे पाठभेद साचले होते.

हीच रीत आपल्या अंगणातल्या ग्रंथाला लावून पाहता येते. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली साष्टीतल्या राशोलला रोमी लिपीत छापले गेले. त्या शतकातली छापील प्रत आज कोणाला माहीत नाही, ग्रंथ हस्तलिखितांवरून आपल्यापर्यंत आला. त्यातली मराठीच्या गौरवाची ओवी सगळ्यांना ऐकून माहीत असते:

जैसी हरळांमाजि रत्नकिळा ।
कि रत्नांमाजि हिरा निळा ।
तैसी भाषांमाजि चोखळा ।
भाषा मराठी ॥

‘हरळ’ वाचून हरळी, म्हणजे दूर्वा, डोळ्यांपुढे येते. गवतात रत्न पडलेले, असे चित्रही छान तयार होते. पण हरळ म्हणजे बारीक खडे, तांदळात सापडतो तो खडा. ‘किळा’ किल्ला नव्हे. कीळ म्हणजे रत्नाची झळाळी. दुसऱ्या चरणातला ‘कि’ सर्वांत लहान आणि सर्वांत लबाड. आजचा ‘की’ वाक्याला वाक्य जोडतो. हा ‘कि’ म्हणजे ‘किंवा’. तो तसा आहे हे पुन्हा रचनेवरूनच कळते: ‘जैसी’ने सुरू झालेली उपमा ‘तैसी’ला जाऊन मिळते आणि मधल्या ‘कि’ने तिला दुसरा पर्याय जोडला जातो. खड्यांमध्ये जशी रत्नाची झळाळी, किंवा रत्नांमध्ये निळा हिरा, तशी भाषांमध्ये मराठी चोखळ, म्हणजे शुद्ध. याच गौरवात पुढे ‘पखियांमध्ये मयोरु’ येतो, आणि ‘मानु थोरु’. ज्ञानदेवांच्या ‘बोलु’मधला तो शेवटचा ‘उ’ सव्वातीनशे वर्षांनंतर साष्टीत जसाच्या तसा उभा आहे.